येस्टरडे आला, हॅव पळाला

इंग्रजीशी माझं वैर जुनं. सोळाव्या वर्षी दहावीच्या परीक्षेत तिनं मला चोवीस मार्क दिले. पास व्हायला पस्तीस लागतात. बाकीच्या विषयांत मी तरले होते, पण एका विषयात बुडालेली पोरगी सगळीच बुडाली असं आमच्याकडे धरतात. वर्षाच्या आत माझं लग्न झालं आणि टोकावड्याकडचं माहेर सोडून मी किन्हवलीच्या बाजूला सासरी आले.

अकरा वर्षांनी मी पुन्हा दहावीला बसले. हौस म्हणून नाही. मी तेव्हा गावच्या अंगणवाडीत मदतनीस होते. म्हणजे खिचडी शिजवायची, पोरांना घरोघरून गोळा करून आणायचं, त्यांची नाकं पुसायची. आमच्या सेविकाबाई वर्षअखेर काम सोडणार होत्या आणि त्यांच्या जागी मी लागण्यासारखी होते. अट एकच होती, दहावी पास. सुपरवायझर मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "डिसेंबरात नावं वर जातील. तोवर पास झालात तर तुमचं नाव, नाहीतर बाहेरून कोणीतरी येईल." ज्या पोरांचा शेंबूड मी पुसला त्यांच्यासमोर बाहेरची कोणीतरी खुर्चीवर बसणार आणि मी तिला पाण्याचा तांब्या देणार, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि माझं टाळकं सरकलं. मी बाहेरून फॉर्म भरला. जुने मार्क चालणार नव्हते, म्हणून सगळेच विषय नव्यानं दिले.

मार्चच्या परीक्षेत सगळे सुटले, एक इंग्रजी सोडून. इंग्रजीत किती? चोवीस. अकरा वर्षांत माझी इंग्रजी एका मार्कानंसुद्धा हलली नव्हती.

आमचे हे म्हणाले, "मला इंग्रजीत छत्तीस होते." हे त्यांनी लग्न ठरवायच्या वेळी सांगितलं होतं, पहिल्या दिवाळीला सांगितलं होतं आणि अधूनमधून कारण नसतानाही सांगत. ते आसनगावहून रोज कल्याणला कंपनीत जात. तिथून येताना दोन-चार इंग्रजी शब्द घेऊन येत आणि घरात पेरत. मार्चच्या पेपराआधी त्यांनीच मला सल्ला दिला होता, "गाळलेल्या जागेत सगळीकडं हॅव लाव. वाक्याला वजन येतं." मी सगळीकडं हॅव लावला. हॅव गो, हॅव राइट, हॅव ईट. पाचही जागा चुकल्या. वजन आलं ते माझ्या डोक्यावर.

आता ऑक्टोबरची एकच संधी उरली होती. तेव्हा मला आठवले हायस्कूलचे इंग्रजीचे सर. ते देशावरचे. आमच्याच आळीत भाड्याने राहत. त्यांची तीन वर्षांची मुलगी माझ्या कडेवरून उतरायला तयार नसे, दुसऱ्या कोणाकडे गेली की निळी पडेपर्यंत रडे. त्या पोरीच्या पुण्याईवर सरांनी मला शिकवायचं कबूल केलं. अंगणवाडी सुटली की दुपारी त्यांच्या पडवीत बसायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझा हिशेब मांडला. "पस्तीसला अकरा कमी आहेत. पत्र आणि उतारा मिळून सहा मार्क वाढवता येतील. उरलेले पाच या गाळलेल्या जागांतून काढायचे. पाचच्या पाच. इथे सवलत नाही." मग वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडं लिहिलं येस्टरडे, अगो, लास्ट वीक. म्हणजे काल, इतक्या दिवसांपूर्वी, गेल्या आठवड्यात. यांच्या वाक्यात साधा भूतकाळ, क्रियापदाचं दुसरं रूप. उजवीकडं ऑलरेडी, जस्ट, यट, सिन्स. म्हणजे आधीच, आत्ताच, अजून, पासून. यांच्या वाक्यात हॅव किंवा हॅज आणि पुढं तिसरं रूप.

"काल म्हणजे दार बंद झालं," सर म्हणाले. "इंग्रजीत येस्टरडे दिसला की हॅव हद्दपार. आय हॅव कम येस्टरडे असं म्हणायचं नाही. आय केम येस्टरडे."

मला ते पटेना. "सर, माझी नणंद काल आलेय. आमी असंच बोलतो. काल आलेय नि आजपण माझ्याच घरात बसलेय. मग दार बंद कसं झालं?"

सरांनी वहीतली उभी रेघ पुन्हा गडद केली. मग म्हणाले, "मराठीत चालतं, ताई. इंग्रजीत काल म्हटलं की काल संपला."

"माझ्या नणंदेला सांगा."

सरांनी चष्मा काढून पुसला. पुढच्या चार महिन्यांत तो त्यांनी इतक्या वेळा पुसला की काच झिजली असेल.

त्याच दुपारी त्यांनी आत हाक मारली, "अगं, चहा!" आतून वहिनी म्हणाल्या, "आणला, आणला!" सरांनी हे ऐकलं आणि त्यांना उदाहरण सापडलं. "बघा. आणला. साधा भूतकाळ. क्रिया पूर्ण." आम्ही दोघं दाराकडं बघत बसलो. आत स्टोव्हला पंप मारायचा आवाज सुरू झाला. चहा आला तो पंधरा मिनिटांनी. मी म्हटलं, "सर, क्रिया आता पूर्ण झाली." त्या दिवशी सर पहिल्यांदा हसले आणि आमच्या माणसांची उदाहरणं द्यायचं त्यांनी कमी केलं.

आमच्या माणसांचा खरा कळस म्हणजे आमचे हे. एका संध्याकाळी ते घरात शिरता शिरता म्हणाले, "मी कालच ऑलरेडी लोकलचा पास काढलाय." मी पातेलं हातात धरून तशीच उभी राहिले. काल आणि ऑलरेडी एकाच वाक्यात! डावीकडचा आणि उजवीकडचा एका ताटात जेवत होते. दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं, "दोन्ही आले तर काय करायचं?" सर म्हणाले, "असं बोर्ड विचारत नाही. असं फक्त तुमचे मिस्टर बोलतात."

पाठांतर काही होईना. वहीत बघितलं की कळायचं, वही मिटली की डावं-उजवं एक व्हायचं. शेवटी मी माझ्या धंद्यातली युक्ती काढली. अंगणवाडीत आम्ही सगळं गाण्यातून शिकवतो, हात धुणं, नखं कापणं, रांगेत बसणं. खिचडी ढवळता ढवळता मी एक गाणं जुळवलं.

येस्टरडे आला, हॅव पळाला!
अगो आला, हॅव पळाला!
ऑलरेडी आला, हॅव बसला!
जस्ट आला, हॅव बसला!
सिन्स आला, हॅव बसला!

पळाला म्हटलं की जागच्या जागी पळायचं, बसला म्हटलं की मटकन बसायचं. मी हे माझ्यासाठी करत होते, पण वीस-बावीस पोरं मला बघत होती. दोन दिवसांत सगळ्यांना पाठ झालं. माझ्याआधी.

आणि मग सुपरवायझर मॅडम तपासणीला आल्या. वजनं झाली, रजिस्टर बघून झालं, डाळीचा डबा उघडून झाला. मॅडम पोरांकडं वळून म्हणाल्या, "चला, एक छान गाणं म्हणून दाखवा बघू." सेविकाबाईंनी चांदोबाचं गाणं सुरू केलं. पोरांनी त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. सरांची मुलगी सगळ्यांत पुढं होती. तिनं छाती भरून सुरुवात केली, "येस्टरडे आला!" आणि बाकीची सगळी ओरडली, "हॅव पळाला!" अंगणवाडी हादरली. पोरं पळाली काय, बसली काय, एकाची चड्डी सुटली तरी तो चड्डी धरून पळत होता.

मॅडमचं तोंड उघडंच राहिलं. "हे काय आहे?"

मला खोटं सुचलंच नाही. "दहावीची इंग्रजी, मॅडम. माझी हाय. पोरांना चुकून लागली."

मॅडम खुर्चीवर बसल्या. मला वाटलं, आता नाव कापलं. त्यांनी पोरांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग रुमाल तोंडाला लावून बराच वेळ खोकल्या. जाताना दारात म्हणाल्या, "पोरं पास आहेत. आता तुम्ही तेवढं व्हा."

पाऊस उघडला, भात पिवळं पडायला लागलं, परीक्षा आठवड्यावर आली. सरांनी सरावाला दहा वाक्यं दिली. मी पाय हलवत हलवत नऊ सोडवली. दहावं वाक्य असं होतं, आय हॅव नॉट मेट हर सिन्स शी पुढं मोकळी जागा, आणि क्रियापद गेट मॅरिड. तिचं लग्न झाल्यापासून मी तिला भेटलेले नाही. सिन्स आला, हॅव बसला. मी झोकात लिहिलं, हॅज गॉट मॅरिड.

सरांनी लाल रेघ मारली.

"सर, सिन्स हाय ना तिथं!"

"सिन्स आहे. पण हॅव आधीच पहिल्या तुकड्यात बसलाय, बघा. हॅव नॉट मेट. सिन्सच्या मागोमाग जे येतं ते फक्त कधीपासून ते सांगतं. गुराच्या दाव्याची खुंटी असते तशी. खुंटी एकदा ठोकली, ठोकायचं काम संपलं. ती साध्या भूतकाळात, शी गॉट मॅरिड. आणि दावं आजपर्यंत ताणलेलं आहे, ते हॅवमध्ये."

मला भयंकर राग आला. चार महिने घसा फोडून मी सिन्स आला, हॅव बसला म्हणत होते, गावातल्या सगळ्या पोरांना म्हणायला लावलं होतं, आणि आता हा माणूस सांगत होता की बसतो पण दुसरीकडं बसतो. मी वही मिटली आणि म्हटलं, "ही भाषा माणसांची नाय, सर." घरी जाऊन रडले. पाचच्या पाच हवे होते, आणि त्यातला एक सिन्स असणार हे ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पोरांना आजोळी सोडायला माहेरी गेले. परीक्षा होईपर्यंत ती तिथंच राहणार होती. एस.टी.तून उतरले तो आबा, म्हणजे माझे वडील, फाट्यावर न्यायला आलेले. फाट्यावरून आमच्या घरी सरळ डांबरी रस्ता जातो, माझ्या शाळेच्या फाटकासमोरून. आबांनी पिशवी डोक्यावर घेतली आणि डांबरी सोडून शेतांच्या बांधावरून चालायला लागले. बांधावर अजून चिखल होता. माझी चप्पल रुतली, धाकटा घसरला.

"आबा, रस्ता सोडून हिकडनं कशाला?"

"बरा पडतो."

"बरा कसा? दुप्पट लांब हाय!"

त्यांनी धाकट्याचा हात धरला आणि पुढं चालू लागले. घरी आईला विचारलं तर ती चुलीत फुंकर मारत म्हणाली, "त्यांना इचार. माझा जीव दमला सांगून सांगून. बाजाराला जातील तरी बांधानं, दळान आणतील तरी बांधानं. पावसात दोनदा पडलेत."

रात्री जेवताना मी पुन्हा विषय काढला. आबा भात कालवत राहिले. मग ताटाकडं बघतच म्हणाले, "तू नापास झालीस तवापास्नं मी त्या शाळंवरनं गेलेलो नाय."

माझा घास हातातच राहिला. मला वाटत होतं, माझी ती दहावी आबा केव्हाच विसरले. निकालाच्या दिवशी ते मला एक शब्द बोलले नव्हते. त्याचा अर्थ मी असा लावला होता की त्यांना काही वाटलंच नाही. आता त्यांच्याच तोंडून कळलं की त्या सकाळी ते शाळेच्या शिपायाला सांगून आले होते, आमची पोर पास होनार, पेढं घेऊन येतो. पेढे न्यायचे राहिले. मग त्या फाटकासमोरून जायचंच त्यांनी सोडलं. अकरा वर्षं. डोक्यावर पोतं घेऊन, चिखलातून.

"आबा, तो शिपाई कवाच विसरला असंल."

"त्यो विसरला असंल. मी नाय ना."

मला खूप वाईट वाटलं आणि त्यांचा रागही आला, की एवढं मनात ठेवून माणूस बांधावरून घसरत राहतो आणि पोरीला पत्ता लागू देत नाही. अंथरुणावर पडले तरी ते वाक्य कानातून जाईना. तू नापास झालीस तवापास्नं मी गेलेलो नाय. पुन्हा पुन्हा तेच. नापास झालीस. गेलेलो नाय. आणि एकदम मी उठून बसले. झालीस हे एकदाच झालं होतं, एका सकाळी, आणि तिथंच संपलं. ती खुंटी. गेलेलो नाय हे मात्र आज दुपारपर्यंत चालू होतं, माझी चप्पल रुतली तोपर्यंत. माझ्या बापाला सही करता येत नव्हती, आणि त्यांनी ताटावर बसून सिन्सचं वाक्य बरोबर केलं होतं.

परीक्षेचं केंद्र शहापूरला होतं. माझ्या बाकावर सोळा-सतरा वर्षांची पोरं, मधे मी साडी नेसलेली. पहिल्यांदा गाळलेल्या जागा काढल्या. पहिल्यात येस्टरडे, बाकाखाली माझे पाय पळाले. दुसऱ्यात ऑलरेडी, मी जराशी उठून पुन्हा बसले. तिसऱ्यात अगो, पुन्हा पाय. चौथ्यात जस्ट, पुन्हा ऊठबस. पर्यवेक्षक जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, बाहेर जायचंय का?" मी म्हटलं, "नाय सर, हॅव बसवते." ते दोन पावलं मागं सरकले आणि तीन तास माझ्या वाटेला गेले नाहीत.

पाचवं वाक्य होतं, शी हॅज नॉट व्हिजिटेड अस सिन्स शी, पुढं जागा, मग द व्हिलेज. क्रियापद लीव्ह. तिनं गाव सोडल्यापासून ती आमच्याकडे आलेली नाही. गाणं म्हणत होतं हॅज लेफ्ट. मी गाणं बंद केलं. आबांना त्या वाक्यात उभं केलं. सोडलं ते एकदाच. आलेली नाही ते अजून. मी लिहिलं लेफ्ट, आणि पुन्हा त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही, कारण बघितलं असतं तर खोडलं असतं.

निकाल लागला तेव्हा सरांनीच मार्क आणले. गल्लीच्या तोंडापासून ओरडत आले, चष्मा हातात. पस्तीस. बरोब्बर पस्तीस. म्हणजे पाचांतली एक जागा जरी चुकली असती तरी मी पाण्याचा तांब्याच भरत बसले असते. वहिनींनी या वेळी आणला म्हटलं आणि चहा खरोखर आला. मॅडमकडं नाव गेलं. संध्याकाळी आमचे हे कंपनीतून आले, बातमी ऐकली, मनापासून खूश झाले, पोरांना उचलून नाचवलं आणि मग म्हणाले, "माझ्यापेक्षा एक कमीच."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी टोकावडं गाठलं. आबांना निरोप नव्हता, म्हणून फाट्यावर कोणी नव्हतं. ते खळ्यात पेंढा रचत होते. मी लांबूनच ओरडले, "आबा, मी पास झाले!"

ते थांबले. "कवा?"

"काल कळलं."

पेंढी हातातून खाली ठेवली, डोक्याचं मुंडासं सोडून तोंड पुसलं. आई बाहेर आली, तिला सांगितलं, ती रडायलाच लागली. आबा आत गेले, धुतलेला सदरा घालून आले आणि म्हणाले, "चल."

"कुठं?"

"पेढं आनू."

अंगणातून बाहेर पडले आणि बांधाकडं न वळता सरळ डांबरीला लागले. मी मागून चालत होते. शाळेचं फाटक आलं तशी त्यांची चाल मंदावली. शिपाई तोच होता, केस पांढरे झालेला, फाटकाशी स्टुलावर बसलेला. आबा त्याच्यासमोर उभे राहिले. शिपायानं वर पाहिलं, ओळख पटायला त्याला वेळ लागला. अकरा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत.

आबा म्हणाले, "ही आमची पोर. नापास झाली व्हती ना? ती झाली तवा झाली. काल पास झालेली हाय."

काल आणि झालेली हाय, एका वाक्यात. सरांनी लाल रेघ मारली असती. मी मात्र त्या वाक्याला हात लावला नाही. आबांच्या शेजारी उभी राहिले आणि शिपाईमामांना म्हटलं, "पेढे आणतो, थांबा."